त्र्यंबक ऋचेला पदपाठ का नाही? पोथीचा काळ, पाठाचा काळ आणि मौखिक परंपरेची साक्ष

उत्तररात्र
पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत ऋग्वेदाची जी ३० हस्तलिखिते आहेत, त्यांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत नोंद झाली. त्यांतील काळ नोंदवलेले सर्वांत जुने हस्तलिखित इसवी सन १४६४ चे आहे, असे वाचले. दुसरीकडे ऋग्वेदाची रचना इसवी सनापूर्वी साधारण १५०० ते १००० या काळात झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात. मधे किमान चोवीस-पंचवीस शतके जातात. एवढ्या काळात मजकूर बदलला नाही, किंवा बदलला असल्यास कोठे बदलला, हे इतिहासकार कशाच्या आधारावर ठरवतात? श्रद्धेचा प्रश्न येथे नाही. पुराव्याची पद्धत समजून घ्यायची आहे.

तर्कतीर
पद्धत सोपी आहे. लेखी पुरावा जेथून सुरू होतो, तेथून इतिहास सुरू होतो. तोंडी सांगितलेली गोष्ट प्रत्येक पिढीत थोडी बदलते, हा सर्वांचाच अनुभव आहे. बायबलच्या अभ्यासकांचे नशीब चांगले. हिब्रू बायबलचे संपूर्ण असे सर्वांत जुने दिनांकित हस्तलिखित इसवी सन १००८ च्या आसपासचे होते. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहांत यशयाची गुंडाळी सापडली आणि ती त्याहून हजार वर्षांनी जुनी निघाली. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता आली. वेदांच्या बाबतीत असे काहीच सापडलेले नाही. म्हणून १४६४ च्या आधीचा मजकूर काय होता हे आपल्याला ठाऊक नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

भूर्जपत्र
तर्कतीर यांचे यशयाविषयीचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. पोथीचे वय आणि पाठाचे वय हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची साधनेही निराळी आहेत.

आधी पोथीविषयी. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे शेवटची पुष्पिका, ज्यात लेखक संवत किंवा शक, मास, पक्ष, तिथी आणि बहुधा वारही लिहितो. तिथी आणि वार दोन्ही असतील तर गणित करून पडताळा घेता येतो. मात्र विक्रम संवताचे वर्ष उत्तरेत चैत्रापासून आणि गुजरातेत कार्तिकापासून सुरू होते, महिना कोठे अमावास्येला संपतो तर कोठे पौर्णिमेला, आणि लिहिलेले वर्ष गत आहे की चालू हेही लेखक नेहमी सांगत नाही. त्यामुळे सगळे पर्याय मांडून कोणत्या पर्यायात वार जुळतो ते पाहावे लागते. कोणत्याच पर्यायात जुळला नाही तर एकतर लेखक चुकला आहे किंवा तारीख मागाहून घातली आहे.

याहून फसवा प्रकार म्हणजे नकललेली पुष्पिका. लेखकांचा जो प्रसिद्ध श्लोक आहे, 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया', तो कित्येकांनी इतका मनावर घेतला की समोरच्या पोथीतली जुनी तारीखसुद्धा जशीच्या तशी उतरवली. अशा वेळी अक्षर तारखेशी भांडू लागते. उदाहरणार्थ, जुन्या नागरीत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभ्या रेघेने दाखवत. या पृष्ठमात्रा नंतर हळूहळू मागे पडल्या. पुष्पिकेत पंधरावे शतक आणि सबंध पोथीत एकही पृष्ठमात्रा नाही, असे असेल तर शंका घ्यावी. पण अक्षरवळणावरून शे-पन्नास वर्षांचा पट्टाच सांगता येतो, वर्ष नाही. जुन्या वळणात वाढलेला म्हातारा लेखक आणि नव्या वळणाचा त्याचा शिष्य एकाच साली लिहीत बसलेले असू शकतात.

कार्बन चाचणीवर लोकांचा फार विश्वास असतो. ती कागदाचा किंवा भूर्जाच्या सालीचा काळ सांगते, शाई केव्हा चढली ते सांगत नाही. शिवाय सतराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या वस्तूंसाठी तिचे उत्तर इतके पसरट येते की आपल्याकडच्या बहुसंख्य पोथ्यांना तिचा उपयोग जवळजवळ नाही.

घाटमाथा
चर्चा वाचून आमच्या घरची पोथी काढली. पणजोबांकडून आलेली रुद्राची पोथी आहे, शेवटी 'शके १५९८ दुर्मुखनाम संवत्सरे' असे आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातली झाली. त्यात 'त्र्यंबकं यजामहे' आहे. तेव्हा तो मंत्र १६७६ सालापासूनचा तरी नक्की आहे, हे येथे नोंदवतो. अशा पोथीची किंमत साधारण किती येते?

भूर्जपत्र
घाटमाथा, किंमतीचे मला काही सांगता येणार नाही, पण पोथी विकण्यापूर्वी आकडा पुन्हा पाहावा अशी विनंती आहे. आपल्याकडे शकात १२ मिळवून ६० ने भागले की उरलेल्या बाकीवरून प्रभवापासूनचा संवत्सर मिळतो. एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्याचे साल 'शके पंधराशें साहोत्तरीं, तारणनाम संवत्सरीं' असे दिले आहे. १५०६ मध्ये १२ मिळवले की १५१८, बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारणच आहे. तुमच्या शके १५९८ ला बाकी ५० येते, म्हणजे संवत्सर नल हवा. दुर्मुख तिसावा. तो शके १५७८, १६३८ आणि १६९८ या वर्षी येतो. यांपैकी १६९८ मध्ये केवळ शतकाचा आकडा बदलावा लागतो. तो जुन्या वळणाचा ६ असेल तर पोथी १७७६-७७ ची, म्हणजे पेशवाईतली ठरेल.

आणि मंत्राविषयी: पोथीत मंत्र असणे म्हणजे मंत्र पोथीइतका जुना असणे नव्हे. तुमची पोथी फक्त 'याच्या आधी तो होता' एवढेच सांगते.

घाटमाथा
भिंग घेऊन पाहिले. नेमका तोच आकडा कसरीने खाल्ला आहे. खालचा फाटा उरला आहे, तो ५ चाही असू शकतो आणि ६ चाही. घरात आता यावरून दोन पक्ष पडले आहेत.

घनपाठींची नात
माझे आजोबा ऋग्वेदाचे घनपाठी होते, म्हणून तर्कतीर यांच्या 'तोंडी गोष्ट बदलते' या वाक्यावर लिहिते आहे. वेद ही सांगितलेली गोष्ट नव्हे. आधी संहिता सलग पाठ करायची. मग पदपाठ, म्हणजे संधी सोडवून प्रत्येक पद सुटे म्हणायचे. मग क्रमात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशी जोड्यांची साखळी, पुढे जटेत आणि घनात तीच पदे उलटसुलट गुंफायची. एखाद्याने एक पद गाळले किंवा बदलले, तर संधी बदलतो, स्वर बदलतो आणि पुढच्या गुंफणीत ते लगेच उघडे पडते. शेजारच्या गावचा वैदिक वर्गात बसून ऐकत असे आणि चूक झाली की बोट वर करत असे. या व्यवस्थेमुळे ऋषींच्या मुखातून जे निघाले त्यातले अक्षरही आजवर बदललेले नाही. पोथ्या तर आमच्याकडे दुय्यम मानल्या जात. पोथीत पाहून म्हणणारा हा अधम पाठक, असे पाणिनीय शिक्षेतच म्हटले आहे.

उत्तररात्र
हे पटते, पण एक शंका येते. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून होती, हे कशावरून? पदपाठ कोणीतरी, केव्हातरी केला असणार. त्याआधी जे झाले असेल ते त्या व्यवस्थेला कसे सापडणार?

भूर्जपत्र
उत्तररात्र यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ऋग्वेदाचा उपलब्ध पदपाठ शाकल्याचा आहे. तेथून पुढे जतन जवळजवळ निर्दोष आहे, या बाबतीत घनपाठींच्या घरची साक्ष मी पूर्ण मानतो. त्याच्या मागे मात्र हीच साक्ष आपल्याला फटी दाखवते.

गायत्री मंत्राचेच पाहा. गायत्री छंदाला तीन चरण, प्रत्येकी आठ अक्षरे. 'भर्गो देवस्य धीमहि' आठ, 'धियो यो नः प्रचोदयात्' आठ, आणि 'तत्सवितुर्वरेण्यं' सात. रचणाऱ्याने 'वरेणियं' असे म्हटले होते हे छंदावरून उघड आहे, आणि ऋग्वेदात अशी शेकडो स्थळे आहेत. याचे दोन अर्थ होतात. एक, रचनेनंतर आणि पाठ बांधला जाण्यापूर्वी उच्चार बदलला होता, तेव्हा 'अक्षरही बदलले नाही' हे विधान तंतोतंत खरे नाही. दोन, पाठ बांधल्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या छंदशास्त्र पढलेल्या लोकांनी हे सात अक्षर डोळ्यासमोर असूनही आठ करण्याचा मोह टाळला. छंदशास्त्रात पिंगलाने तुटीची अक्षरे इय वगैरे घालून भरून मोजावीत अशी सोय सांगितली, पण पाठाला हात लावला नाही. मला स्वतःला हा दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. मजकूर सुधारून घेणारी परंपरा अशा चुका शिल्लक ठेवत नाही.

शाकल्य किती जुना, याला बाहेरचा आधार आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत शाकल्याचे नाव घेऊन मत नोंदवले आहे. यास्काने निरुक्तात दहाव्या मंडलातील 'वायः' या शब्दावर त्याच्याशी वाद घातला आहे: शाकल्याने 'वा' आणि 'यः' अशी दोन पदे केली, ती यास्काला मान्य नाहीत. भांडण पदे कशी तोडावीत याचे आहे. तोडायची अक्षरे दोघांपुढे तीच आहेत आणि आज कोणताही वैदिक म्हणतो तीच आहेत. १४६४ च्या पोथीने जे सिद्ध होत नाही, ते अशा एखाद्या किरकोळ वादाने होते.

तर्कतीर
मुद्दा चांगला आहे, पण यात एक वर्तुळ दिसते. यास्क आणि पाणिनी यांचे ग्रंथही मौखिकच आले, त्यांच्या पोथ्याही उशिराच्याच. एका तोंडी पुराव्याला दुसऱ्या तोंडी पुराव्याचा टेकू दिल्याने भार कोण पेलतो?

भूर्जपत्र
आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच सालांवर माझा भर नाही. कोण आधी, कोण नंतर हा क्रम पक्का आहे. त्या क्रमावर टाकलेली वर्षे सैल आहेत. पतंजलीच्या महाभाष्यात यवनांनी साकेताला वेढा दिल्याचे उदाहरण येते, त्यामुळे तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात बसतो. पाणिनी त्याच्या बराच आधीचा, कारण मधे पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके लिहिणारा कात्यायन आहे. शाकल्य पाणिनीच्या आधीचा. त्यापलीकडे आकडे देणे म्हणजे भाषेच्या फरकावरून केलेला अंदाज. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातील मितन्नी तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावे आहेत, ती अनेक जण ऋग्वेदाच्या काळासाठी पुढे करतात. त्यातून ही दैवते तेव्हा पूजली जात होती एवढेच दिसते. सूक्ते रचली गेली होती की नाही, हे तहनाम्यातून कळत नाही.

वर्तुळ तुटते ते वेगळ्या कारणाने. यास्काचे निरुक्त सांभाळणारे आणि शाकल्याचा पाठ सांभाळणारे, दोघांनी संगनमत केले असते तर मतभेद पुसले गेले असते. ते राहिले. आणि बाहेरचे लोकही याच व्यवस्थेचे वर्णन करतात: सातव्या शतकातला चिनी प्रवासी इत्सिंग सांगतो की वेद तोंडातून तोंडात जातात, कागदावर किंवा पानावर लिहीत नाहीत. अल् बेरूनी सुमारे १०३० मध्ये लिहितो की काश्मीरच्या वसुक्र नावाच्या ब्राह्मणाने नुकतेच वेद लिहून काढण्याचे काम अंगावर घेतले. तेव्हा जुन्या पोथ्या नसणे हे मजकूर नसल्याचे लक्षण ठरत नाही.

उत्तररात्र
मग शाकल्यानंतर काही आत शिरले असेल, तर ते ओळखता येते का? एखादे उदाहरण पूर्ण उलगडून दाखवाल का?

भूर्जपत्र
घाटमाथांच्या पोथीतलेच घेऊ. 'त्र्यंबकं यजामहे' ही ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ५९ व्या सूक्ताची बारावी ऋचा. ऋग्वेदात शाकल्याचा पदपाठ नसलेल्या सहा ऋचा आहेत, त्यांतली ही एक. पदपाठाच्या जागी तेथे संहिताच पुन्हा येते.

आता सूक्त पाहा. दुसऱ्या ते सातव्या मंडलांत मांडणीचा एक नियम आहे, जो बेर्गेन्य आणि ओल्डेनबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात उघड केला: प्रत्येक देवतेच्या गटात सूक्ते ऋचासंख्येच्या उतरत्या क्रमाने लावली आहेत. सातव्या मंडलात मरुतांचा गट ५६ व्या सूक्तापासून सुरू होतो. त्यात २५ ऋचा, मग ७, मग ६, आणि नंतर एकदम १२. क्रम मोडतो. छंद पाहिले तर कारण कळते: पहिल्या सहा ऋचा बृहती आणि सतोबृहतीच्या जोड्या, पुढच्या दोन त्रिष्टुभ, मग तीन गायत्री, आणि शेवटी एकटी अनुष्टुभ. म्हणजे निरनिराळे तुकडे एकत्र आले आहेत. ते सुटे धरले तर एकही सहाहून मोठा नाही आणि नियम पुन्हा बसतो. पहिल्या अकरा ऋचा मरुतांच्या आहेत. बारावी त्र्यंबकाची, म्हणजे रुद्राची. मरुत हे रुद्राचे पुत्र, म्हणून ती येथे आणून ठेवली असावी.

पदपाठ ही एका बाजूची मर्यादा. दुसरी मर्यादा सर्वानुक्रमणीची, म्हणजे प्रत्येक सूक्ताची ऋचासंख्या, ऋषी, देवता आणि छंद नोंदवणाऱ्या सूचीची. कात्यायनाने या सूक्ताच्या बारा ऋचा मोजल्या आहेत आणि शेवटची रुद्राची, मृत्यूपासून सोडवणारी असे नोंदवले आहे. म्हणजे ती शाकल्याच्या पदपाठात नव्हती आणि अनुक्रमणीच्या वेळी होती. प्रवेश या दोहोंच्या मधला. याउलट श्रीसूक्त घ्या: ते अनुक्रमणीतही नाही, पदपाठातही नाही, काश्मिरी भूर्जपोथीत मात्र खिलांमध्ये, म्हणजे संहितेच्या पुरवणी सूक्तांमध्ये, आहे. त्याचे स्थान त्यामुळे आणखी बाहेरचे.

आणि पोथ्या काय सांगतात? काही नाही. १४६४ ची पोथी असो वा अठराव्या शतकातली, त्र्यंबक ऋचा आपल्या जागी आहे. लेखी प्रती कितीही जुळवल्या असत्या तरी ही भर दिसली नसती. ती दाखवली मौखिक परंपरेने, आणि तीही अशा रीतीने की पाठकांनी स्वतःच्या सोयीसाठी पदे पाडून घेतली नाहीत, ती जागा पिढ्यान्‌पिढ्या तशीच ठेवली.

घाटमाथा
म्हणजे मृत्युंजय मंत्र खोटा? आमच्याकडे रोज म्हणतात.

भूर्जपत्र
मुळीच नाही. हीच ऋचा तैत्तिरीय संहितेत साकमेधातल्या त्र्यंबक होमाच्या प्रसंगी आणि वाजसनेयी संहितेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तेथे ती आपल्या कर्मात घट्ट बसलेली आहे. मंत्र जुनाच आहे. ऋग्वेदाच्या त्या जागी तो उशिरा आला, एवढेच म्हणणे आहे. रुद्राच्या पोथीत तो असायला तर काहीच हरकत नाही.

घनपाठींची नात
आजोबांकडे तैत्तिरीय शाखेचे एक स्नेही येत. ते त्र्यंबकाचा घन म्हणत आणि आजोबा म्हणत नसत, कारण 'आमच्याकडे त्याचे पद नाही'. लहानपणी तो मला शाखेचा अभिमान वाटे. संध्येतल्या अघमर्षणाच्या 'ऋतं च सत्यं च' या तीन ऋचांनाही ते तसेच म्हणत. त्या सहातल्याच का?

भूर्जपत्र
होय, त्या दहाव्या मंडलाच्या १९० व्या सूक्ताच्या तिन्ही. आणखी एक हिरण्यगर्भ सूक्ताची दहावी. त्या सूक्तात नऊ ऋचा 'कस्मै देवाय हविषा विधेम' या प्रश्नाने संपतात आणि दहावी ते ध्रुपद सोडून प्रजापतीचे नाव घेऊन उत्तर देते. तेथेही पदपाठाचा अभाव आणि आतली रचना एकमेकांना दुजोरा देतात.

तर्कतीर
माझे पहिले विधान मी मर्यादित करतो: ऋग्वेदापुरते मौखिक साधन लेखी साधनापेक्षा बारीक निघाले. पण हे सर्वत्र लागू करू नये. अथर्ववेदाची पैप्पलाद शाखा पाहा. काश्मिरात तिचे पठण राहिले नव्हते, भूर्जपोथी मात्र होती, आणि तिचा मजकूर इतका बिघडलेला की दुर्गामोहन भट्टाचार्यांना ओडिशातील प्रती मिळेपर्यंत अभ्यासक चाचपडत होते.

घनपाठींची नात
अथर्ववेदावरून आठवले. मुंबईहून १८९५ ते १८९८ मध्ये शंकर पांडुरंग पंडितांची आवृत्ती निघाली, तिच्यात त्यांनी पोथ्यांबरोबर प्रत्यक्ष वैदिकांचे पठणही साक्षी म्हणून धरले होते. आज तसे करता येईल का? आजोबांच्या पाठशाळेत शेवटी शेवटी मुले सातवळेकरांची छापील संहिता उशाशी ठेवत.

भूर्जपत्र
तीच अडचण आहे. छापील प्रत हाताशी आली की पाठकाचा उच्चार आणि छापील अक्षर या दोन स्वतंत्र साक्षी राहत नाहीत; अडले की मुलगा पुस्तक उघडतो आणि पुस्तकातली मुद्रणचूकही पाठ होऊ शकते. म्हणून आज पाठकाला विचारताना तो कोणाकडून, कोठे, पुस्तकासह शिकला की पुस्तकाविना, हे आधी नोंदवावे लागते. पंडितांच्या वेळीही पाठकाने पोथी पाहिलीच नसेल असे गृहीत धरता येत नव्हते, पण पोथ्या विरळ होत्या.

उत्तररात्र
सहापैकी पाच झाल्या. सहावी कोणती, आणि तिचीही कथा अशीच का?

भूर्जपत्र
दहाव्या मंडलातील विसाव्या सूक्ताची पहिली, 'भद्रं नो अपि वातय मनः'. तिची कथा तशी बसत नाही. ती पूर्ण ऋचाच नाही. पंचविसाव्या सूक्ताच्या आरंभीचे शब्द तेवढे येथे आले आहेत. काही जण ते सूक्तांच्या नव्या गटापूर्वी म्हटलेले शांतिवचन मानतात. पण मग पंचविसाव्यात पदे पाडलेले शब्द येथे का सोडले? शाकल्याने हे वचन पाठाबाहेरचे मानले, की त्याच्यापुढे ते नव्हतेच, हे पदपाठाच्या मौनातून वेगळे करता येत नाही. सहाही ऋचांना एकच नियम लावणारे अभ्यासक आहेत, मला मात्र ही सहावी त्यांच्यातली वाटत नाही.